गारांचा मार की केवडा?

निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागेत संध्याकाळी गारा पडतात, आणि सकाळी पानांवर डाग दिसले की फवारणीची घाई होते. पंप काढण्याआधी मोबाईल काढा.

पहिला फोटो पानाचा नको, बांधावर उभं राहून सगळ्या ओळींचा घ्या. गारांचा मार एका रात्रीत आणि गारा आल्या त्या बाजूला जास्त दिसतो. काडी हातात धरून फिरवा: एका अंगाला जखमा, दुसरं अंग कोरं. बांधावरची एरंडी आणि शेजारचा भोपळाही फाटलेला असेल, तर तो रोग नव्हे. एकच रोग इतक्या वेगळ्या पिकांवर एका रात्रीत येत नाही.

केवडा, म्हणजे डाऊनी, हळूहळू पसरतो. दव रेंगाळतं त्या दाट, सखल कोपऱ्यात आधी तेलकट पिवळे डाग पडतात. त्याची बुरशी डागाखाली दिसते, म्हणून पानाच्या खालच्या बाजूचाही फोटो घ्या. शंका असेल तर डागाचं पान ओल्या कागदासह पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी बुरशी दिसली, तर केवडाच.

एका पानाला दोरा बांधून चार दिवसांनी त्याचाच पुन्हा फोटो काढा. गारांची जखम वाळते, पण वाढत नाही. कडेने नवे डाग आले असतील, तर जखमेतून बुरशी शिरली असावी. अशा वेळी दोन्ही फोटो कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.