बलक फिका का पडला?

आमचा बचत गट गावरान कोंबड्या पाळतो आणि अंडी आठवडी बाजारात विकतो. गेल्या उन्हाळ्यात एक नेहमीच्या गिऱ्हाईक बाई अंडी घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "गावरान म्हणून पंधरा रुपयाला एक दिलंत, फोडलं तर बलक पांढुरका! ही कंपनीची अंडी आहेत." चार बायका ऐकत होत्या. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण अंडी आमच्याच खुराड्यातली होती.

मग आम्ही पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोंबड्यांना खायला काय घालता?" आम्ही सांगितलं, ज्वारी आणि तांदळाची कणी. उन्हाळ्यात बाहेर हिरवं काही उरत नाही, त्यामुळे कोंबड्या त्यावरच होत्या. ते म्हणाले, मग बलक पिवळा होणार कुठून?

बलकाचा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही. तो खाण्यातून येतो. हिरवा पाला, लसूणघास, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांत पिवळा रंग असतो, तो बलकात उतरतो. पांढरी ज्वारी, कणी, गहू यांत तो जवळजवळ नसतो. पावसाळ्यात आमच्या कोंबड्या बांधावरचं गवत टिपतात, तेव्हा त्यांचाच बलक केशरी असतो. कोंबडी तीच, जातही तीच.

आम्ही खात्री करून घ्यायची ठरवली. आठ कोंबड्या वेगळ्या ठेवल्या. त्यांच्या दाण्यातली निम्मी ज्वारी काढून तेवढाच पिवळा मका भरडून घातला आणि रोज सकाळी लसूणघासाची चिरलेली जुडी खुराड्यात टांगली. बाकीच्या जुन्याच खाण्यावर. दर तीन दिवसांनी दोन्हीकडचं एकेक अंडं पांढऱ्या ताटलीत शेजारी शेजारी फोडायचं. पहिल्या खेपेला फरक जेमतेम दिसला. सहाव्या दिवशी कोणीही ओळखावा इतका झाला, आणि बाराव्या दिवशी मक्याकडचा बलक चांगला पिवळाधमक होता. एवढे दिवस लागतात, कारण कोंबडीच्या पोटात लहानमोठे बलक द्राक्षाच्या घडासारखे एकाच वेळी वाढत असतात. प्रत्येकावर रोज नवा थर चढतो. जो आधीच मोठा झालाय, त्याच्या आतले थर फिकेच राहतात.

आता खरा प्रश्न, केशरी बलक म्हणजे अंडं जास्त पौष्टिक का? आम्हालाही तसंच वाटायचं. पण प्रथिनं रंगावरून कळत नाहीत. फिक्या बलकातही ती तेवढीच असू शकतात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, त्याला स्वतःचा गडद रंग नसतो. हिरव्या पाल्यातला तो पिवळा रंग डोळ्यांना चांगला असतो, एवढं मात्र खरं. पण गडद बलक पाल्यामुळेच झाला असेल असं नाही. मोठ्या पोल्ट्रीत खाद्यात झेंडूचा किंवा लाल मिरचीचा अर्क मिसळून हवा तसा रंग आणता येतो. (कोंबडीला मिरची झोंबत नाही, हे ऐकून आमच्या सासूबाई हसतच सुटल्या.) रंग मोजायला त्यांच्याकडे फिक्यापासून केशरीपर्यंत क्रमांक घातलेल्या पट्ट्यांचा पंखासुद्धा असतो. तेव्हा केशरी बलक म्हणजे गावरान, हेही धरून चालू नका.

अंड्याचा ताजेपणा बघायचा तर रंग सोडा. फोडल्यावर बलक उंच उभा राहतो का आणि भोवतीचं पांढरं घट्ट आहे का, ते बघा. बलक सपाट पसरला आणि पांढरं पाण्यासारखं धावलं, तर अंडं जुनं आहे, मग रंग कितीही छान असो.

एका ठिकाणी मात्र फिका रंग आम्ही दुर्लक्षित करत नाही. खाणं तेच असताना काही कोंबड्यांचाच बलक अचानक फिका पडला, तर आम्ही कोंबडी तपासतो. जंत झाले किंवा रक्ती हगवण लागली, की आतड्यातून रंग नीट शोषला जात नाही. बुरशी धरलेल्या मक्यानेही तसं होतं. आमच्या एकीने पावसात भिजलेला मका वाळवून घातला होता. बलक फिके झाले, अंडीही कमी झाली. तो मका टाकून द्यावा लागला. आणि सरकीची पेंड घालत असाल तर सांभाळा, तिच्यामुळे ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी होतो.

आता आम्ही दिवाळीनंतर तोरणांतला झेंडू फेकत नाही. पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात भरतो आणि उन्हाळ्यात दाण्यात मूठभर मिसळतो. फवारणी केलेली फुलं मात्र घेत नाही. त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा आम्ही त्यांना मका, ज्वारी सगळं सांगितलं. त्यांनी सहा अंडी घेतली, आणि जाताना आमच्याच समोर एक पाण्यात टाकून बघितलं. बुडालं, आडवं पडलं. मग बाकीची पिशवीत ठेवली.