समता आणि बाल्को : तुलनेतून उत्तर कसं काढायचं

(कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याच पट्ट्यातली एक मुलगी वकिली शिकते. तिला वर्गात दोन निकालांची तुलना लिहायला सांगितली होती. ती तिनं आम्हाला वाचून दाखवली. एका बाजूला समता, 1997. दुसऱ्या बाजूला बाल्को, 2001. दोन्ही निकाल सुप्रीम कोर्टाचे, दोन्ही तीन-तीन न्यायाधीशांचे. समतामध्ये आदिवासी जिंकले, बाल्कोमध्ये हरले, असं तिनं नीट मांडलं होतं. पण परीक्षेत तुलना विचारत नाहीत. तिथे एक गोष्ट देतात आणि विचारतात, या गावाला काय सल्ला द्याल? म्हणून तिच्यासोबत बसून आम्ही त्या तुलनेचं उत्तर केलं. हरकतीचा अर्ज आपल्यालाही असाच लिहावा लागतो, म्हणून ते इथे सांगतो.

गोष्ट अशी होती. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रातलं एक गाव. 40 हेक्टर वनजमीन सरकार खाजगी खाण कंपनीला भाड्यानं देणार. गावाचे वनहक्क दावे पडून आहेत. त्या डोंगरावर गावाचा देव आहे.

पहिलं काम, मुद्दा. "हे बरोबर की चूक" हा मुद्दा होत नाही, कारण त्याला कोर्ट हो किंवा नाही म्हणू शकत नाही. मुद्दा असा लिहिला: अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खाजगी कंपनीला द्यायला सरकारलाच बंदी आहे का?

मग नियम. इथे तुलना कामाला येते, पण कोण जिंकलं ते बाजूला ठेवायचं आणि कशामुळे जिंकलं ते उचलायचं. समताचं प्रकरण आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यातलं. तिथे 1959 चा जमीन हस्तांतरणाचा खास कायदा आहे, 1970 मध्ये तो आणखी कडक झाला. त्यात लिहिलंय की कुठल्याही 'व्यक्ती'नं जमीन बिगर-आदिवासीला द्यायची नाही. कोर्टानं बहुमतानं म्हटलं, 'व्यक्ती' म्हणजे सरकारसुद्धा. सगळा निकाल त्या एका शब्दावर उभा आहे.

बाल्कोची जमीन कोरब्याची, आता छत्तीसगडात. सरकारनं कंपनीतले 51 टक्के शेअर्स खाजगी कंपनीला विकले होते. तिथे मध्य प्रदेशचा महसूल कायदा लागू होता आणि त्यात तसं कलम नव्हतं. म्हणून कोर्ट म्हणालं, समता इथे लागत नाही. वर, समताच्या बहुमताबद्दल आम्हाला शंका आहे, हेही बोलून दाखवलं. पण बेंच तेवढंच मोठं, त्यामुळे समता रद्द झाला नाही. तो आजही उभा आहे.

तिसरं काम, जुळवणी. बरेच जण इथे घाई करतात, नियम सांगून लगेच निकालावर उडी मारतात. आपल्याला विचारायचंय, महाराष्ट्राचा कायदा आंध्रासारखा की मध्य प्रदेशासारखा? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36 आणि 36अ काढून बघा. ते आदिवासी खातेदाराच्या जमिनीला राखण देतं. सरकारनं आपली जमीन देऊ नये, असं त्यात नाही. म्हणजे आपण बाल्कोच्या जवळ बसतो. ऐकायला कडू आहे, कारण मोर्च्यात आपण समताचंच नाव घेतो. पण नुसत्या समतावर अर्ज लिहिला, तर समोरचा वकील बाल्को दाखवेल आणि अर्ज तिथेच बसेल.

मुलगी म्हणाली, मग गाव हरलं का? नाही. गोष्टीतल्या दोन बाबी अजून वापरल्याच नव्हत्या, पडून असलेले दावे आणि देव. त्यातून दुसरा मुद्दा निघतो: दावे निकाली निघायच्या आधी जमीन देता येते का? नियम, 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(5). पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. त्याला जोड नियमगिरीची, 2013. ओडिशातल्या त्या डोंगरावर कोर्टानं सांगितलं की देवाच्या, पूजेच्या हक्काचे दावेही ग्रामसभेपुढे ठेवा. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी खाणीला नाही म्हटलं. इथे जुळवणी घट्ट बसते, कारण वनहक्क कायदा केंद्राचा, ओडिशात तोच आणि आपल्याकडेही तोच.

शेवटी निष्कर्ष. प्रत्येक मुद्द्याला एकच ओळ. पहिला मुद्दा: समताचा आधार इथे कच्चा. दुसरा मुद्दा: दावे आणि देवाचा हक्क ग्रामसभेनं ठरवेपर्यंत पट्टा देऊ नये, ही मागणी पक्की.

तिनं उत्तरात दुसरा मुद्दा आधी घेतला आणि समता मागे ठेवला. आम्हालाही ते पटलं. अर्जाला दाव्यांची पोच, ग्रामसभेचा ठराव आणि देवाची जागा दाखवणारा हातनकाशा जोडायचा. दाव्याची पोच नसेल तर दुसरा मुद्दा लंगडा पडतो, तेव्हा ज्यांची पोच हरवली असेल त्यांनी वनहक्क समितीच्या रजिस्टरातली नोंद उतरवून घ्यावी.