स्लिप निघाली, पण रक्कम खात्यावर नाही



आपल्यापैकी काहीजण आंबा, बेदाणा किंवा रोपे थेट ग्राहकांना विकतात आणि त्यासाठी बँकेचे कार्ड मशीन ठेवतात. स्लिप निघाली म्हणजे पैसे जमा झाले, असा समज असतो. तो बरोबर नाही.

कार्ड लावल्यावर मशीन ग्राहकाच्या बँकेकडे परवानगी मागते. परवानगी मिळाली की मंजुरी क्रमांक येतो आणि स्लिपवर APPROVED छापले जाते. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम कमी होते किंवा अडकवून ठेवली जाते. मात्र बऱ्याच मशीनमध्ये तो व्यवहार दिवसाच्या गठ्ठ्यात, म्हणजे बॅचमध्ये पडून राहतो. ही बॅच बँकेकडे पाठविणे म्हणजे सेटलमेंट. त्यानंतरच बँक आपला आकार वजा करून रक्कम जमा करते.

एक उदाहरण पाहू. शनिवारी प्रदर्शनात ९ ग्राहकांकडून कार्डाने १४,४०० रुपये घेतले. मशीन रात्री ११ वाजता आपोआप सेटलमेंट करते, पण विक्रेत्याने ते सायंकाळी ७ वाजताच बंद करून पेटीत ठेवले. मंगळवारी पासबुकात काहीच नाही. अशा वेळी मशीन सुरू करून रिपोर्ट काढावा. ९ व्यवहार व १४,४०० रुपये दिसले, तर बॅच उघडीच आहे. रेंज असलेल्या जागी SETTLEMENT द्यावे. सेटलमेंटची स्लिप निघाली आणि पुढच्या विक्रीवर बॅच क्रमांक एकाने वाढला, की काम झाले. रक्कम साधारणतः पुढील कामकाजाच्या दिवशी येते.

रिपोर्टमध्ये व्यवहार नसतील, तर आधी स्लिप नीट वाचावी. नामंजूर व रद्द व्यवहाराचीही स्लिप निघते. मंजुरी असूनही रक्कम नसेल, तर स्लिपवरील TID, बॅच क्रमांक, मंजुरी क्रमांक व RRN देऊन बँकेकडे लेखी तक्रार करावी. काही मशीनची बॅच बँकेच्या संगणकावरच असते. तेथेही याच क्रमांकांवरून शोध लागतो.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. बॅच उघडी असताना मशीन बदलू किंवा दुरुस्तीस देऊ नये. आतील नोंदी पुसल्या गेल्या तर हाती फक्त स्लिपाच उरतात. स्लिपचा कागद उष्णतेने फिका पडतो, म्हणून झेरॉक्स ठेवावी. तसेच सेटलमेंट अनेक दिवस लांबवू नये. अडकवलेली रक्कम मुदतीनंतर मोकळी होते आणि उशिरा आलेल्या मागणीवर ग्राहकाची बँक हरकत घेऊ शकते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचे पैसे कापले गेले पण स्लिप निघालीच नाही, तर पाच दिवसांत रक्कम ग्राहकास परत मिळते. आपल्या प्रकरणात स्लिप निघालेली आहे. म्हणून ग्राहकाकडे पुन्हा पैसे मागू नयेत, बॅच तपासावी.