घोरणारे मूल आणि वर्गातील लक्ष



औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या शाळेतील तिसरीचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तोंड सदैव उघडे, ओठ कोरडे, बसल्या जागी चुळबूळ. गुरुजी त्याला उनाड समजतात, आई म्हणते, "रात्री बापासारखा घोरतो." या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते.

नाकाच्या मागे, टाळूच्या वर ॲडेनॉइड नावाची मऊ ग्रंथी असते. तोंड उघडून पाहिले तरी ती दिसत नाही. ३ ते ७ वर्षांच्या सुमारास ती मोठी असते, पुढे आपोआप आकसते. ती फार वाढल्यास झोपेत श्वासमार्ग अरुंद होतो. घोरणे मध्येच थांबते, मूल धडपडून श्वास घेते व क्षणभर जागे होते. झोप अशी तुटली की प्रौढ माणूस दिवसा पेंगतो. मूल मात्र बहुधा चळवळे व चिडके होते. कानाकडे जाणारी नळी तेथेच उघडत असल्याने त्याला ऐकूही कमी येऊ शकते. मग लक्ष नाही म्हणून त्याला रागवावे काय?

मुलाने तोंड मिटले असता नाकाखाली थंड ताटली धरावी. वाफ उमटली नाही, तर नाक चोंदलेले आहे. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन वा अधिक रात्री घोरणाऱ्या मुलाची माहिती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा-तपासणी पथकास द्यावी. कान-नाक-घसा तज्ज्ञ वाढ पाहून नाकातील फवारा किंवा शस्त्रक्रिया सुचवितात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्यावर मुलांची झोप आणि वर्तन सुधारले. अवधानाच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. पालकांना गुण वाढण्याची हमी देऊ नये.