माहेरी एक वर्ष, पण ठरवून

माहेरपण चार दिवसांचं असतं, हे आपण सगळ्याच जाणतो. मी मात्र नवरा आणि मुलीसह माहेरी सलग एक वर्ष राहिले, पैसे साठवायला. त्या वर्षात काय जमलं आणि कुठे चुकलं, ते आज सांगते.

आम्ही तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहत होतो. मला शिलाईचं दुकान टाकायचं होतं. गाळ्याची अनामत 30,000 आणि मोटारीची मशीन व ओव्हरलॉक मिळून 35,000, असे 65,000 रुपये हवे होते. ह्यांचा पगार 15,000 आणि माझी शिलाई 4,000. खोलीभाडं, किराणा, शाळा, सासऱ्यांना पाठवायचे 2,000, सगळं भागवून कागदावर 2,400 उरायचे. हातात तेवढेही राहत नसत. माहेर तिथून 12 किलोमीटरवर. आई म्हणाली, "या की वर्षभर, खोली रिकामीच आहे." सासूबाईंना आधी विचारलं, म्हणजे बोलणं त्यांच्या कानावर बाहेरून जायला नको. त्या हो म्हणाल्या आणि जूनच्या सुरुवातीला आम्ही निघालो.

पहिली गोष्ट हिशोबाची. मला वाटलं होतं, भाडं वाचलं म्हणजे 4,000 वाचले. तसं नसतं. ह्यांच्या रोजच्या येण्याजाण्याला पेट्रोलचे 1,800 वाढले. तालुक्याची गिऱ्हाइकं तुटली, म्हणून माझी शिलाई 2,500 वर आली. घरात 4,000 द्यायचे ठरवले. शाळा, सासऱ्यांचे पैसे आणि वरखर्च पूर्वीएवढाच, 5,500. म्हणजे 17,500 मिळकत, 11,300 खर्च आणि शिल्लक 6,200. वर्षाला 74,000 च्या वर. जमण्यासारखं होतं, पण ओढूनताणून. म्हणून सांगते, जायच्या आधी वाचणाऱ्या खर्चाशेजारी वाढणारा खर्च आणि घटणारी मिळकतही लिहा. माहेर जास्त लांब असतं, तर पेट्रोलमध्येच सगळं गेलं असतं.

पैसे घरात ठेवले नाहीत. बँकेत एक वर्षाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, माझ्या नावावर काढली. महिना 5,500. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही, म्हणून एका वर्षासाठी ती उपयोगाची नव्हती. उरलेले 700 अडीअडचणीला वेगळे. जुन्या खोलीची 10,000 अनामत परत मिळाली होती, तिला हात लावला नाही. परत जाताना नव्या खोलीला तीच लागणार होती. हे पुष्कळ जणी विसरतात आणि साठवलेल्यातूनच अनामत भरतात.

आता चूक सांगते. सगळं बोलणं मी आईशी केलं. दादाला कळवलं. वहिनींना कुणीच विचारलं नाही. आणि माझे 4,000 मी आईच्या हातात देत होते. चूल मात्र वहिनींची होती. तीन माणसं वाढल्यावर पहाटेच्या भाकरी दुप्पट झाल्या, सिलिंडर लवकर संपू लागला, आणि मी दिवसभर मशीनवर. आईच्या डोळ्यांना मी दमलेली लेक दिसायची. वहिनींना काय दिसत असेल?

भांडण झालं नाही. खुणा मात्र दिसत होत्या. वहिनी माझ्या मुलीला हाक मारीनाशा झाल्या. आम्ही जेवायला बसलो की त्यांना गोठ्यात काम निघायचं. चहा "झालाय" म्हणायच्या, "घ्या" म्हणायच्या नाहीत. श्रावण असाच गेला. गणपती उठल्यावर मीच म्हटलं, "वहिनी, माझं चुकलंय. तुमच्याशी बोलायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही पैसे देता हेसुद्धा मला बाजारातून कळलं."

त्या रात्री आम्ही पाचही मोठी माणसं बसलो आणि वहीत लिहिलं. दर महिन्याच्या पाच तारखेला 4,000 वहिनींच्या हातात, कारण किराणा त्या भरतात. मशीनमुळे विजेचं बिल पूर्वीपेक्षा जेवढं वाढेल तेवढं माझं. सकाळचा स्वयंपाक वहिनींचा, रात्रीचा माझा. रविवारी दोन्ही वेळा मी, त्या दिवशी वहिनींना सुट्टी. मुलांच्या आजारपणाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आरडीचे पैसे कुणी मागायचे नाहीत. दसरा, संक्रांत आणि पाडवा या तिन्ही वेळा पुन्हा बसून बोलायचं. आणि पुढच्या जूनमध्ये शाळा भरायच्या आत आम्ही जायचं.

तेव्हा वहिनी एक गोष्ट हळूच बोलल्या. "लोक म्हणतात, आता ताई हिस्सा मागायला राहिली." मनातलं बाहेर आलं ते बरं झालं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती 2005 ची. वर्षभर माहेरी राहिल्याने तो हक्क वाढत नाही, आणि राहू दिलं म्हणून कमीही होत नाही. मी वहिनींना म्हटलं, "हिश्श्याचं बोलणं कधी करायचं असेल तर सगळ्यांसमोर करू. राहण्याची आणि त्याची गाठ घालायची नाही." त्यांना ते पटलं. राहण्याच्या बदल्यात कुणी हक्कसोड पत्रावर सही मागितली, तर करू नका. राहण्याचा मोबदला आपण पैशाने आणि कामाने देतोच आहोत.

लिहिलेल्या अटींची कसोटी पौषात लागली. दादाची विहिरीवरची मोटर जळाली. गहू पाण्यावर आलेला. दादा आईपाशी बोलला, "हिच्याकडे बँकेत आहेत की." 20,000 हवे होते. मला रात्रभर झोप नाही. ज्याच्या छपराखाली राहते त्याला नाही कसं म्हणू? पण आरडी मोडली असती तर ते वर्षच वाया गेलं असतं. सकाळी वहिनींनीच वही काढली आणि म्हणाल्या, "हे ठरलंय ना आपलं?" मग वाट निघाली. वेगळ्या ठेवलेल्या पैशातून मी 4,000 दिले आणि उरलेलं कर्ज वहिनींनी त्यांच्या बचत गटातून काढलं. त्यांची हप्तेफेड नियमित होती, म्हणून गटाने त्याच बैठकीत दिलं. माझे 4,000 दादाने गहू विकल्यावर परत केले.

जूनमध्ये आरडीची मुदत भरली. बारा हप्त्यांचे 66,000 आणि वर व्याज मिळालं. आई म्हणाली, "आणखी सहा महिने राहा, माल भरायलाही पैसे होतील." माझंही मन झालं होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पुढचा महिना आमच्याशिवाय धरला होता, हे मला माहीत होतं. दुसऱ्याच आठवड्यात टेम्पो बोलावला.

निघताना वहिनींनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "दिवाळीला या. चार दिवस." आम्ही दोघी हसलो. दुकानात पहिला ब्लाऊज मी त्यांचाच शिवला.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं वर्ष काढायचं असेल, तर बोलणं आईपासून सुरू करू नका. जिच्या चुलीवर तुमची भाकरी भाजली जाणार आहे, तिच्यापासून करा.