चित्रातली दुकानं आडवी का पडली?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत शाळेच्या चित्रकला स्पर्धेचा निकाल सांगताना केलेलं बोलणं)



निकालाची यादी शाळेच्या दाराशी लागली आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ती सकाळीच वाचली आहे. तिन्ही गटांतल्या पहिल्या तिघांचं आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या मुलांचं मनापासून अभिनंदन. पण यादी लागल्यापासून मला एकच प्रश्न तीन-चार जणींनी विचारला. तिसरी-चौथीच्या गटात पहिलं आलेलं चित्र पाहून एक ताई म्हणाल्या, "मॅडम, यातली दुकानं तर आडवी पडलीत. याला पहिला नंबर कसा?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आज नीट सांगते.

या गटाचा विषय होता 'बाजाराचा दिवस'. त्या मुलीनं कागदाच्या मधोमध रस्ता काढलाय. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं उभी आहेत, आणि दुसऱ्या बाजूची उलटी, डोकं खाली करून. आपल्याला वाटतं चुकलं. पण ती रस्त्यावर मधे उभी आहे असं समजा. डावीकडे वळली की दुकान समोर दिसतं, उजवीकडे वळली की तेही समोरच दिसतं. तिनं दोन्हीकडे वळून पाहिलं आणि दोन्ही काढलं, जणू कागद मधोमध घडी घालून उघडावा तसं. साधारण सात ते नऊ-दहा वर्षांची मुलं जगभर अशीच चित्रं काढतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकानं 1947 साली मुलांच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात या गोष्टी वयाप्रमाणे मांडून ठेवल्या आहेत.

लहान गटातल्या पहिल्या चित्राचंही तसंच. विषय 'आमचं घर'. दुसरीतल्या मुलानं भिंत काढली, पण भिंतीतून आतलं सगळं दिसतंय: चुलीपाशी आजी, कोपऱ्यात हंडे, खाटेखाली कोंबडी. आणि आई दारापेक्षा मोठी! या वयात मूल डोळ्याला दिसतं तेवढंच काढत नाही, माहीत असतं ते काढतं. घरात आजी आहे हे त्याला ठाऊक आहे, मग भिंतीनं तिला का झाकायचं? आणि जे माणूस त्याला जवळचं, ते चित्रात मोठं. पुढे दहा-अकराव्या वर्षी मूल आपणहून ओळखायला लागतं की पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबचं लहान दिसतं. मोठ्या गटातल्या 'पाणी' या विषयाच्या चित्रात टँकरपुढची रांग बघा. पुढची बाई मोठी, तिच्या कळशीनं मागचीचा अर्धा चेहरा झाकलाय. हे तिला कुणी शिकवलं नाही, रांगेत उभं राहून कळलं.

आता परीक्षण कसं झालं ते. हायस्कूलच्या दोन कलाशिक्षकांनी सगळी चित्रं वर्गात जमिनीवर मांडली. नावं मागच्या बाजूला, म्हणजे कुणाचं कोणतं ते कळू नये. त्यांनी तीनच गोष्टी पाहिल्या. चित्रातलं मुलानं स्वतः पाहिलेलं आहे का? कागद पूर्ण वापरलाय की कोपऱ्यात एवढंसं काढून सोडलंय? आणि विषयातले बारकावे किती आले? रेष सरळ आहे का, हे यादीत नव्हतंच. म्हणून दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि नदी, अशी चित्रं मागे पडली. सुबक होती, पण सगळी सारखी. आपल्या गावाला नदी नाही, हे परीक्षकांनाही माहीत होतं.

आणि एक अवघड गोष्ट. लहान गटाची चित्रं आम्ही घरून काढून आणायला सांगितली होती. त्यातली काही बाजूला ठेवावी लागली. कसं ओळखलं? एकाच चित्रात दोन हात दिसतात. लहान मूल खडू दाबून धरतं, रेष कुठे जाड, कुठे तुटकी होते. मोठ्याची रेष एकसारखी वाहते. मुलाची पुसट रेघ खोडून वर पट्टीनं घर काढलेलं असतं, तर खालचा दाब कागदावर तसाच राहतो. पाठीमागून बोट फिरवलं की लागतो.

त्यातल्या एका मुलीची आई आपल्यातच आहे. त्या मला म्हणाल्या, "तिचं वाकडं होत होतं, म्हणून मी थोडं सरळ करून दिलं." त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण निकाल लागल्यावर ती मुलगी बाईंना म्हणाली, "माझा हातच चांगला नाही. आईलापण आवडलं नव्हतं." मला हे ऐकून फार लागलं. चूक आमची आहे. घरी पाठवायलाच नको होतं. पुढच्या वर्षी सगळे गट शाळेत बसूनच काढतील, हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरलंय. त्या मुलीचा पहिला, खोडलेला कागद बाईंनी उजेडासमोर धरून पाहिला. घराच्या छपरावर तिनं भोपळ्याचा वेल काढला होता. आईनं सरळ केलेल्या घरावर तो राहिलाच नाही.

म्हणून ज्यांचा नंबर आला नाही, त्यांच्या आयांना माझं खास सांगणं. मूल कागद घेऊन आलं की "हे काय काढलंस?" असं विचारू नका. त्याला वाटतं, आईला ओळखता आलं नाही. "सांग की, यात काय काय आहे?" असं विचारा आणि ऐका. त्याच्या कागदावर आपला हात चालवू नका. काही दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर, किंवा अंगणात रांगोळीनं दाखवा. कागदामागं तारीख लिहून चित्रं एका पिशवीत ठेवा. सहा महिन्यांनी काढून पाहिलीत, तर काय बदललं ते तुम्हालाच दिसेल.

रंग नाहीत, अशीही तक्रार आली. गेरू बारीक कुटून पाण्यात कालवा, खडे खाली बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते निवळलं की तळाशी मऊ गाळ राहतो, तो आपला रंग. काळ्यासाठी कोळसा, पिवळ्यासाठी हळद. त्यात बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून केलेलं पाणी थोडं घाला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. आधी कोपऱ्यात लावून, वाळवून बघा. हळदीचा रंग उन्हात उडतो, ते चित्र सावलीत लावा.

मोठ्या गटातल्या मुलांसाठी पुढची वाटही आहे. हायस्कूलला गेल्यावर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देता येतात. फॉर्म कधी भरायचे ते तिथल्या कलाशिक्षकांना विचारा.

सगळी चित्रं, बाजूला ठेवलेलीसुद्धा, पुढच्या सभेपर्यंत याच हॉलच्या भिंतीवर लावतोय. ती मुलगी आपलं घर पुन्हा काढतेय, वेलासकट. त्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. मुलांना घेऊन या.