मृताच्या कानीं

तिबेटी बौद्ध घरांत कोणी वारला म्हणजे लामा प्रेतापाशीं बसतो आणि कानाला ओठ न लागतील इतक्या जवळून एक पोथी वाचतो. तिचें नांव 'बार्दो थोदोल', म्हणजे मधल्या अवस्थेंत श्रवणानें मुक्ति. १९२७ साली ती इंग्रजींत 'मृतांचें पुस्तक' म्हणून प्रसिद्ध झाली. मिसरी ग्रंथावरून बेतलेल्या या नांवांत श्रवण मात्र लोपलें.

मृत्यु आणि पुनर्जन्म यांच्यामध्यें फार तर ४९ दिवस. आरंभींचा शुद्ध प्रकाश मृतानें ओळखला नाहीं, तर त्याला वैरोचनाची झगझगीत निळी प्रभा दिसते आणि शेजारीं देवलोकाचा मंद पांढरा उजेड. जीव प्रभेला भितो, मंद उजेडाकडे ओढला जातो आणि तेथेंच फसतो. वाचणारा त्याला नांवानें हांक मारून सांगतो, कीं ही प्रभा तुझ्याच चित्ताची आहे.

पुढें मृत घरीं परततो, आप्तांशीं बोलतो. कोणी उत्तर देत नाहीं, तेव्हां आपण मेलों हें त्याला उमगतें. येथें पोथी विलक्षण सावध होते. मृताला आतां दुसऱ्यांचीं मनें कळतात. पुरोहित पेंगत असेल, विधि चुकत असेल, आपली मालमत्ता दुसरेच भोगत असतील, तर तें पाहून त्याला राग येईल आणि त्या रागानेंच तो अधोगतीला जाईल. म्हणून त्याला बजावलें जातें, कीं दिसणारा दोष आपल्याच मनाचा समज, आरशांत दिसणाऱ्या मुखासारखा. हें मोठ्यानें वाचावें लागतें तें त्याच पुरोहिताला, आणि भोवतीं बसलेले आप्त तें ऐकत असतात.